गच्चीवर सौर पॅनेल किती बसतील? भागाकार, फोटोवरची आखणी आणि टेप यांचा तुलनात्मक आढावा

सोसायटीच्या गच्चीचा वरून घेतलेला एकच फोटो आणि एकाच पॅनेलची मापं घेतली, तरी उत्तर १२६ येऊ शकतं, ६० येऊ शकतं आणि ८५ही. तिन्ही आकडे गणिताने काढलेलेच असतात. पहिल्यात गच्चीचं क्षेत्रफळ पॅनेलच्या क्षेत्रफळाने भागलेलं असतं. दुसऱ्यात फोटोवर प्रमाणात ओळी आखलेल्या असतात. तिसऱ्यातही आखणीच असते, पण पॅनेल जमिनीलगत न ठेवता उंच सांगाड्यावर घेतलेली असतात. कमिटीसमोर दोन-तीन कोटेशनं आली की त्यांतले आकडे बहुधा याच कारणाने जुळत नाहीत. म्हणून आधी एक गच्ची घेऊन प्रत्येक पद्धतीने मोजून पाहू, आणि कोणत्या निर्णयासाठी कोणती पद्धत पुरेशी आहे तेही ठरवू.

उदाहरणाची गच्ची

समजा विलेपार्ल्यातली सात मजली इमारत आहे. उपग्रह फोटोवर गच्ची बाहेरून बाहेर २६.४ × १२.८ मीटर भरते आणि लांब बाजू पूर्व-पश्चिम आहे. भोवती १५ सेंटीमीटर जाडीचा, १.१ मीटर उंचीचा कठडा आहे, म्हणून आतली मापं २६.१ × १२.५ मीटर, म्हणजे ३२६ चौरस मीटर, सुमारे साडेतीन हजार चौरस फूट. उत्तरेच्या कठड्याला लागून मधोमध जिन्याची केबिन आणि लिफ्टची मशीन रूम आहे, वर पाण्याची टाकी. हे सगळं मिळून ६ मीटर रुंद, साडेचार मीटर खोल आणि गच्चीपासून ६ मीटर उंच. पुढे याला नुसतं ‘केबिन’ म्हणू.

पॅनेल बाजारात सर्रास मिळणारं ५४५ वॅटचं, १४४ अर्ध्या सेलचं. लांबी २२७८ मिमी, रुंदी ११३४ मिमी, वजन साधारण २८ किलो. एका पॅनेलचं क्षेत्रफळ २.५८ चौरस मीटर. वॅट तेवढेच असले तरी मापं कंपनीगणिक थोडी बदलतात, म्हणून आखणी करताना कोटेशनमध्ये लिहिलेल्या मॉडेलची डेटाशीटच समोर ठेवावी. जुनी ३३० वॅटची पॅनेल एक मीटरपेक्षा किंचित कमी रुंद होती. ती मापं धरून केलेली आखणी आज चालत नाही.

पद्धत एक: भागाकार

३२६ भागिले २.५८ म्हणजे १२६. या आकड्याचा उपयोग एकच. कुणी याच्या जवळपासची संख्या सांगितली, तर त्याने गच्ची पाहिलेली नाही हे कळतं. यात केबिन नाही, कठड्याची सावली नाही आणि माणसाला चालायला जागाही नाही.

एका किलोवॅटला १० चौरस मीटर सावलीमुक्त जागा, हा ठोकताळा त्यापेक्षा बरा आणि सरकारी माहितीतही तोच येतो. आपल्या गच्चीला तो लावला तर ३२.६ किलोवॅट, म्हणजे ५९ किंवा ६० पॅनेल. खाली काळजीपूर्वक आखूनही ६०च येणार आहेत, त्यामुळे ठोकताळा अचूक आहे असं वाटेल. प्रत्यक्षात इथे दोन चुका एकमेकींना कापतात. ठोकताळ्यात ‘सावलीमुक्त’ हा शब्द आहे आणि आपण अख्खी गच्ची धरली, ही पहिली चूक. ठोकताळा रूढ झाला तेव्हाची पॅनेल एका चौरस मीटरला १६०-१७० वॅट देत, आजची २१०च्या आसपास देतात, ही दुसरी. कठड्याची आणि केबिनची सावली वजा करून प्रामाणिकपणे लावला, तर उरलेल्या सुमारे २१० चौरस मीटरवर २१ किलोवॅट, म्हणजे ३८ पॅनेल निघतात. एकाच ठोकताळ्यातून ३८ही येतात आणि ६०ही. सर्वसाधारण सभेत ‘साधारण वीस ते तीस किलोवॅट’ एवढं सांगायला तो पुरतो. त्यावर पैशांचा हिशेब मांडू नये.

पद्धत दोन: फोटोवर प्रमाणात आखणी

भागाकारात जागा पिठासारखी मोजली जाते. पॅनेल मात्र अखंड असतात आणि ओळींत बसतात. ओळीला ३० सेंटीमीटर जागा कमी पडली तरी अख्खी ओळ जाते, आणि ४० सेंटीमीटर जास्त उरली तर तिचा उपयोग शून्य. म्हणून फोटोवरून क्षेत्रफळापेक्षा दोन लांब्या नीट काढाव्यात, दक्षिण-उत्तर आणि पूर्व-पश्चिम.

गूगल अर्थ प्रोमध्ये मोजपट्टीचं `Ruler` साधन आहे. फोटोचा कोन सरळ करा, उत्तर वर ठेवा आणि गच्चीच्या चार बाजू वेगवेगळ्या मोजा. समोरासमोरच्या बाजू जुळल्या नाहीत तर कुठेतरी भिंत मापात आली आहे असं समजा. मुंबईत हीच चूक सर्वात जास्त होते. उपग्रह क्वचितच बरोब्बर डोक्यावर असतो. तो २० अंश कलून पाहत असेल, तर २२ मीटर उंच इमारतीची गच्ची तळापासून ८ मीटर सरकलेली दिसते आणि एका बाजूची भिंतही फोटोत उतरते. खिडक्यांच्या आडव्या रेघा दिसल्या की ती भिंत आहे. गच्ची सरकली तरी तिचा आकार बदलत नाही, तेव्हा मोजपट्टी कठड्याच्या माथ्यावरच ठेवायची, जमिनीवरच्या कडेला नाही. बाहेर आलेला छज्जा दिसत असेल तर तोही वगळायचा.

झूम वाढवून अचूकता वाढते हा गैरसमज आहे. वेब नकाशावर २० झूमला मुंबईच्या अक्षांशावर पडद्यावरचा एक पिक्सेल १४ सेंटीमीटरचा होतो, पण मूळ उपग्रह चित्रात एक ठिपका ३० ते ५० सेंटीमीटरचा असतो. उरलेलं नुसतं ताणलेलं असतं. म्हणून कोणत्याही लांबीत ३० ते ५० सेंटीमीटरची चूक गृहीत धरूनच पुढे जायचं.

मग कडेची जागा सोडायची. पॅनेलची खालची कड गच्चीपासून ३० सेंटीमीटरवर असेल, तर १.१ मीटरचा कठडा तिच्यापेक्षा ८० सेंटीमीटर वर राहतो. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला सूर्यवेळेनुसार सकाळी ९ वाजता सूर्य क्षितिजाच्या २९ अंश वर आणि दक्षिणेपासून ४८ अंश पूर्वेला असतो. तेव्हा उंचीच्या १.२२ पट सावली उत्तरेकडे पडते आणि १.३४ पट पश्चिमेकडे. दुपारी ३ वाजता तीच पूर्वेकडे. (मुंबईच्या घड्याळात हे साडेनऊनंतर आणि साडेतीननंतर येतं, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे.) म्हणून दक्षिणेला १ मीटर, पूर्वेला आणि पश्चिमेला १.१ मीटर सोडू. उत्तरेच्या कठड्याची सावली पॅनेलवर येत नाही, तिथे चालायला ६० सेंटीमीटर पुरे. वापरायला उरले दक्षिण-उत्तर १०.९ मीटर आणि पूर्व-पश्चिम २३.९ मीटर.

आता ओळी. पॅनेल उभं, म्हणजे लांब बाजू दक्षिण-उत्तर, आणि १० अंश कलतं. मागची कड पुढच्या कडेपेक्षा ४० सेंटीमीटर उंच होते आणि पॅनेल जमिनीवर २.२४ मीटर जागा घेतं. दोन ओळींत ४० गुणिले १.२२, म्हणजे ४९ सेंटीमीटर अंतर हवं. ५० धरू, तेवढ्यात माणूस बादली घेऊन आडवा चालतो. चार ओळींना ८.९७ अधिक १.५, म्हणजे १०.४७ मीटर लागतात. ४३ सेंटीमीटर उरतात. पाचवी ओळ बसत नाही.

एका ओळीत किती पॅनेल, याचं सूत्र सोपं आहे. दोन पॅनेलच्या मध्ये त्यांना पकडणाऱ्या मिड क्लॅम्पसाठी २० मिमी आणि दोन्ही टोकांना मिळून १० सेंटीमीटर धरायचे:

```
N = floor((L - 0.08) / (w + 0.02))
```

यात `N` म्हणजे पॅनेलची संख्या, `floor` म्हणजे अपूर्णांक सोडून फक्त पूर्ण संख्या घेणं, `L` म्हणजे मोकळी लांबी आणि `w` पॅनेलची रुंदी, दोन्ही मीटरमध्ये. २३.९ मीटरमध्ये २० पॅनेल बसतात आणि ७४ सेंटीमीटर उरतात. अडथळे नसते तर ८० झाले असते.

केबिनमुळे किती कमी होतात ते इथे दोन टप्प्यांत काढावं लागतं, आणि घाईत केलेल्या आखणीत दुसरा टप्पा सुटतो. पहिला टप्पा जागेचा. केबिनच्या दाराला, टाकीच्या शिडीला आणि पाइपांना भोवती १ मीटर मोकळं ठेवलं, तर ८ मीटर रुंदीचा पट्टा जातो. तिसऱ्या ओळीत दोन्ही बाजूंना ७.९५ मीटर उरतात, प्रत्येकी ६ पॅनेल. म्हणजे २० ऐवजी १२. दुसरा टप्पा सावलीचा. सकाळी केबिनची सावली तिरपी वायव्येला पडते, दुपारी ईशान्येला. केबिनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून फोटोवर एक तिरकी रेघ काढा, प्रत्येक १.२२ मीटर उत्तरेला १.३४ मीटर पश्चिमेला. चौथी ओळ या रेघेत सापडते आणि तिच्या प्रत्येक बाजूला ५.१ मीटरच उरतात, त्यात ४ पॅनेल. पूर्वेला रेघ आग्नेय कोपऱ्यापासून, तसंच. चौथ्या ओळीत एकूण ८. बेरीज २० + २० + १२ + ८ = ६०, म्हणजे ३२.७ किलोवॅट.

पॅनेल आडवी ठेवून दोन-दोनच्या जोड्या केल्या तरी या गच्चीत ६०च येतात. आडवी मांडणी अरुंद उरलेल्या पट्ट्यांत कामाला येते, इथे तसा पट्टा नाही.

केबिन दक्षिणेला असती तर चित्र पार पालटलं असतं. ६ मीटर उंचीची सावली उत्तरेला सात-साडेसात मीटर गेली असती आणि अर्धी गच्ची तिच्यात आली असती. फोटो हाती आला की कठड्याची लांबी मोजण्याआधी टाकी कोणत्या बाजूला आहे ते बघा. उत्तरेची केबिन मात्र पूर्ण निरुपद्रवी नसते. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो. २१ जूनला सकाळी ९ वाजता ६ मीटरच्या केबिनची सावली दक्षिणेला सव्वा मीटर आणि पश्चिमेला पाच मीटर जाते. तेव्हा पावसाळा असतो, उत्पादन मुळातच कमी, म्हणून यासाठी पॅनेल कमी करण्याची गरज नाही.

फोटोवरून उंची कशी काढायची, हा प्रश्न बहुतेकांना अडतो, कारण वरून उंची दिसत नाही. यासाठी फोटो कोणत्या तारखेचा आणि किती वाजताचा, हे माहीत असण्याची गरज नाही. कठड्याची उंची एकदा टेपने घ्या. फोटोत कठड्याची सावली गच्चीच्या फरशीवर दिसते, ती सूर्याच्या दिशेने मोजा. त्याच दिशेने टाकीचीही सावली मोजा. १.१ मीटरच्या कठड्याची सावली ९० सेंटीमीटर असेल आणि टाकीची ४.९ मीटर, तर टाकी ६ मीटर उंच. अट एकच, टाकीच्या सावलीचं टोक गच्चीवरच पडलेलं हवं. ते खाली रस्त्यावर उतरलं असेल तर हिशेब चुकतो, कारण सावली आणखी २२ मीटर खाली जाऊन पडलेली असते.

इमारत बरोब्बर दक्षिणेला तोंड करून नसते, म्हणून ओळी कठड्याला समांतर ठेवायच्या की खऱ्या दक्षिणेला? १० अंश कलावर १५-२० अंशांचं वळण उत्पादनात फारसा फरक करत नाही, उलट ओळी गच्चीला तिरक्या ठेवल्या तर कोपरे वाया जातात. कठड्यालाच समांतर ठेवाव्यात. फक्त १५ अंश पश्चिमेला वळलेल्या इमारतीत दुपारच्या सावलीसाठी ओळींतलं अंतर १.२२ ऐवजी साधारण दीडपट उंचीचं धरावं लागतं, ते आखणीत लिहून ठेवा.

पद्धत तीन: टेप, आणि ड्रोन

टेपने सगळी गच्ची मोजायला अर्धा दिवस जातो आणि कोपऱ्यांत अडगळ असली की कंटाळा येतो. सगळं मोजायची गरजही नाही. फोटोवरची आखणी झाल्यावर प्रत्येक दिशेला किती सेंटीमीटर उरले, ते बघा. जिथे उरलेली जागा फोटोच्या चुकीपेक्षा कमी आहे, तेवढंच टेपने मोजा. आपल्या गच्चीत दक्षिण-उत्तर ४३ सेंटीमीटर उरतात आणि चूक ५० पर्यंत असू शकते. हे माप फसलं तर चौथी ओळ जाते, ८ पॅनेल, सव्वाचार किलोवॅटहून अधिक. पूर्व-पश्चिम ७४ उरतात, तिथली चूक फार तर दोन-तीन पॅनेल खाईल. म्हणून आधी दक्षिण-उत्तर माप घ्या, तेही दोन-तीन ठिकाणी, कारण जुन्या इमारतींचे कठडे समांतर असतीलच असं नाही. दुसरं माप केबिनच्या दक्षिण भिंतीपासून दक्षिणेच्या कठड्यापर्यंत. ही दोन मापं घ्यायला दहा मिनिटं लागतात.

लेझर मीटर चांगला, पण उघड्या गच्चीवर भर दुपारी त्याचा लाल ठिपका दिसत नाही. संध्याकाळी जा, किंवा समोर कुणाला पांढरा पुठ्ठा धरून उभं करा.

फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी टेप घेऊन गेल्यावरच कळतात. टाकीपासून निघालेले पाण्याचे पाइप गच्चीवरून गुडघाभर उंचीने जातात आणि सांगाड्याचे पाय नेमके तिथेच येतात. पावसाचं पाणी जाण्याच्या जाळ्यांवर काँक्रीटचा ठोकळा ठेवता येत नाही. गळती थांबवायला पत्र्याची शेड घातलेली असेल, तर फोटोत फक्त निळा किंवा करडा चौकोन दिसतो. त्याखालचा कठडा, केबिन, सगळं झाकलेलं असतं. अशा गच्चीवर फोटोची आखणी बाजूला ठेवावी. शेडचे पाय आणि तिचा उतार मोजल्याशिवाय पुढे काही होत नाही.

ड्रोनचा फोटो उपग्रहापेक्षा कितीतरी स्पष्ट, एक ठिपका दोन-तीन सेंटीमीटरचा. पण त्यात एक खाच आहे. ड्रोन रस्त्यावरून ६० मीटर वर गेला आणि प्रमाण खाली उभ्या गाडीवरून किंवा त्या ६० मीटरवरून धरलं, तर गच्ची खऱ्यापेक्षा दीडपट मोठी भरते, कारण २२ मीटर उंचीची गच्ची ड्रोनपासून फक्त ३८ मीटरवर असते. प्रमाणासाठी वस्तू गच्चीवरचीच हवी. ५ मीटर टेप फरशीवर उलगडून ठेवून फोटो काढला की हा प्रश्न मिटतो. पार्ल्यासारख्या विमानतळालगतच्या भागात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर आधी पाहावं. एका सोसायटीसाठी हा खटाटोप क्वचितच परवडतो.

| | भागाकार | फोटोवर आखणी | आखणी + दोन-तीन मापं |
|---|---|---|---|
| आपल्या गच्चीचं उत्तर | ३८ ते १२६ | ६०, पण चौथी ओळ अनिश्चित | ६० किंवा ५२, नक्की |
| लागणारा वेळ | पाच मिनिटं | दीड-दोन तास | आणखी अर्धा तास |
| कुठे फसते | केबिन, सावली, अखंड ओळी | कलता फोटो, झाकलेली गच्ची | पाइप, जाळ्या न पाहिल्यास |
| कशाला पुरेशी | विषय सभेत मांडायला | कोटेशन मागवायला, तपासायला | ऑर्डर द्यायला |

जमिनीलगत की उंच सांगाडा: एकाच फोटोची दोन उत्तरं

इथे फोटोपेक्षा सोसायटीचा निर्णय संख्येवर जास्त परिणाम करतो. पॅनेल २.४ मीटर उंच सांगाड्यावर, ५ अंशांच्या एका सलग उतारावर घेतली, तर कठड्याची सावली उरत नाही आणि ओळी एकमेकींवर सावली टाकत नाहीत. कडेला ३० सेंटीमीटर आणि मध्ये धुण्यासाठी अर्ध्या मीटरची एक वाट सोडून पाच ओळी बसतात, एका ओळीत २१. केबिनजवळच्या दोन ओळींत जागा आणि सावली वजा जाता १२ आणि १० उरतात. एकूण ८५, म्हणजे ४६ किलोवॅट. खाली गच्ची मोकळी राहते, वाळवण, पापड, लग्नाचा मांडव सगळं चालतं.

फोटोच्या भरवशावर ओळीत २२ वं पॅनेल धरू नका. सूत्रात ते ३ सेंटीमीटर राखून बसतं, आणि ३ सेंटीमीटर कोणत्याही उपग्रह फोटोत दिसत नाहीत.

कल ५ अंशच का? १० अंश घेतला तर साडेअकरा मीटर खोल सलग उतार मागच्या बाजूला दोन मीटर चढतो. तेवढं उंच पान वाऱ्यापुढे धरायला लोखंड बरंच लागतं. बदल्यात ५ अंशांवर खालच्या फ्रेमशी धूळ आणि कबुतरांची घाण साचते, पावसाळ्याबाहेर ती धुवावीच लागते. वाऱ्याचा हिशेब भारतीय मानक ८७५च्या तिसऱ्या भागाप्रमाणे होतो, त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. गच्चीच्या कडा आणि कोपऱ्यांवर उचलणारा जोर सर्वात जास्त असतो, आणि उंच सांगाड्यात पॅनेल नेमकी तिथेच जातात. त्यामुळे ८५चा आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाय कुठे उतरवायचे हे सांगेपर्यंत कच्चाच असतो. पाय तुळई आणि खांबांच्या वर यायला हवेत, आणि त्या जागा फोटोत दिसत नाहीत. इमारतीचे जुने आराखडे असतील तर फोटोवर खांबांची जाळी आखून बघा. नसतील तर जिन्यातून खालच्या मजल्यावरची खांबांची अंतरं मोजून आखा.

सोसायटीचं सामाईक वीजबिल, म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे, ३० किलोवॅटमध्ये भागत असेल, तर जमिनीलगतची ६० पुरेत. मुंबईत एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले तर ती महिन्याला चार हजारांच्या आसपास युनिट देतील. आधी बिल काढून बघा. बरेचदा ८५ बसवण्याचा वाद बिल पाहताच संपतो.

फोटोची तारीख

चांगल्या आखणीला एक गोष्ट हमखास फसवते, शेजारचं पुनर्विकासाचं काम. गूगल अर्थ प्रोमध्ये खाली फोटोची तारीख असते, आणि `Historical Imagery` मधून जुने फोटोही बघता येतात. फोटो दोन वर्षांपूर्वीचा असेल आणि दक्षिणेच्या प्लॉटवर आज पत्र्याचं कुंपण असेल, तर तिथे उभ्या राहणाऱ्या टॉवरची उंची आधी विचारा. ६० मीटरचा टॉवर आपल्या २२ मीटरच्या गच्चीपेक्षा ३८ मीटर वर जातो. डिसेंबरात ऐन दुपारीही त्याची सावली उत्तरेकडे ३५ मीटर पोहोचते. मधला रस्ता रुंद नसेल तर हिवाळ्यात अख्खी गच्ची अंधारात जाईल, आणि हिवाळा हेच मुंबईतलं निरभ्र आकाशाचं हक्काचं पीक. टॉवर उत्तरेला असेल तर जवळजवळ काहीच बिघडत नाही. एकाच फोटोत कलती इमारत गच्ची झाकत असेल तर दुसऱ्या तारखेचा फोटो घ्या, त्यात उपग्रह बहुधा दुसऱ्या बाजूने पाहत असतो.

कोटेशन आल्यावर

नुसती किलोवॅट लिहिलेली कोटेशनं एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. ठेकेदाराकडून मापं लिहिलेली आखणी मागा. त्यात पॅनेलचं मॉडेल, कल, ओळींतलं अंतर, चारही कडांची मोकळी जागा आणि खालच्या कडेची उंची हवी. ओळींतलं अंतर उंचीफरकाच्या १.२२ पटीपेक्षा कमी दिसलं, तर संख्या फुगवली आहे असं समजा. दक्षिणेच्या कठड्याला पॅनेल टेकवली असतील तरी तेच. पहिली ओळ हिवाळाभर सकाळी अर्धी झाकली जाईल आणि तिच्यासोबत जोडलेली बाकीची पॅनेलही मंदावतील.

टेपने दक्षिण-उत्तर माप १२.५ ऐवजी १२.० मीटर निघालं, तर १०° कलावरच्या चार ओळी ७ सेंटीमीटरने हुकतात. लगेच ओळ कमी करू नका. कल ५ अंशांवर आणला की पॅनेलची मागची कड फक्त २० सेंटीमीटर चढते आणि सावलीसाठी २४ सेंटीमीटर अंतर पुरतं. चालण्यासाठी ४० ठेवलं तरी चार ओळी १०.२८ मीटरमध्ये मावतात आणि उपलब्ध १०.४ आहेत. वर्षाच्या उत्पादनात एक-दोन टक्क्यांची घट होते, पण चौथ्या ओळीची ८ पॅनेल वाचतात. माप ११.८८च्या खाली गेलं तर मात्र ५२वर थांबा.